बोरचा हायड्रोजन: कुठले आकडे टिकतात, कुठले मोडतात

सेकंड पीयूच्या पेपरात बोरच्या अणूची पाच मार्कांची सिद्धता बऱ्याचदा येते आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडची आमची मुलं ती घडाघडा लिहितात. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकून एकदम इंग्रजी पुस्तकावर आलेलं पोरसुद्धा तिथे मार्क घालवत नाही. गाडी अडते ती पुढे, बीएस्सीला. तिथे कळतं की हे मॉडेल चुकीचं आहे, आणि मग कुणीतरी विचारतंच, "उत्तर बरोबर येतंय की वो सर, मग मॉडेल चूक कसं म्हणायचं?"

प्रश्न रास्त आहे. "बोर जुना झाला" असं म्हणून तो टाळू नये. बोरने काढलेल्या राशी एकेक करून क्वांटम सिद्धान्तासमोर ठेवायच्या आणि कुठली टिकते, कुठली पडते ते बघायचं. खाली तेच केलं आहे. हाताशी कॅल्क्युलेटर असू द्या.

आधी सिद्धता, पण जरा जवळच्या वाटेने

पुस्तकातल्या सिद्धतेत ε₀, π, h यांची इतकी गर्दी होते की आकडे घालताना हमखास घोटाळा होतो. त्यापेक्षा k = 1/(4πε₀) आणि ħ = h/2π धरून दोनच समीकरणं लिहा. इलेक्ट्रॉन प्रोटॉनभोवती वर्तुळात फिरतो आणि त्याला आत ओढणारं बल विद्युत आकर्षणाचं आहे:

mv²/r = ke²/r², म्हणजेच mv²r = ke²

दुसरं समीकरण बोरच्या गृहीतकाचं. कोनीय संवेग ħ च्या पूर्ण पटीतच असतो:

mvr = nħ

आता पहिल्याला दुसऱ्याने भागा. m आणि r दोन्ही उडतात आणि वेग थेट हातात येतो:

v = ke²/(nħ)

हा वेग दुसऱ्या समीकरणात घातला की त्रिज्या मिळते:

r = nħ/(mv) = n²ħ²/(mke²)

ऊर्जेसाठी वेगळं काही करायचं नाही. पहिल्या समीकरणावरून गतिज ऊर्जा ½mv² = ke²/2r आहे, स्थितिज ऊर्जा −ke²/r आहे, आणि बेरीज:

E = −ke²/(2r)

आकडे घालताना एसआय एककं बाजूला ठेवा आणि तीन संख्या पाठ करा: ke² = १.४४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट नॅनोमीटर, ħc = १९७.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट नॅनोमीटर, mc² = ५,११,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट. मग n = १ साठी v/c = १.४४/१९७.३, म्हणजे साधारण १/१३७. त्रिज्येच्या सूत्रात वर-खाली c² ने गुणलं की r = (१९७.३)²/(५,११,००० × १.४४) = ०.०५२९ नॅनोमीटर. ही बोर त्रिज्या, a₀. ऊर्जा −१.४४/(२ × ०.०५२९) = −१३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. दहाचे घात सांभाळायची कटकट नाही, त्यामुळे चूक झालीच तर लगेच दिसते. पुढच्या कक्षांसाठी त्रिज्या n² ने वाढते आणि ऊर्जा n² ने भागली जाते: दुसरी कक्षा ४a₀ वर, −३.४० ला, तिसरी ९a₀ वर, −१.५१ ला.

mvr = nħ हे आभाळातून पडलं असं मुलांना वाटतं. त्याला एक भक्कम आधार होता. n खूप मोठा घेतला की कक्षा इतकी मोठी होते की तिथे जुनं भौतिकशास्त्र चालायला हवं, म्हणजे इलेक्ट्रॉन जितक्या वेळा फिरतो त्याच वारंवारतेचा प्रकाश बाहेर पडायला हवा. करून बघा. n = १०० च्या कक्षेत फिरण्याची वारंवारता ६.५८ गिगाहर्ट्झ येते, आणि १०० वरून ९९ वर उडी मारताना निघणाऱ्या फोटॉनची ६.६८ गिगाहर्ट्झ. फरक दीड टक्का, आणि n वाढवला की तो आणखी कमी होतो. हेच २ वरून १ ची उडी घेऊन केलं तर काहीच जुळत नाही. बोरने १९१३ साली हा धागा वापरला होता आणि माझ्या मते त्याच्या कामाचा तोच सर्वांत पक्का भाग आहे.

एक रेषा शेवटपर्यंत: हायड्रोजनची लाल रेषा

३ वरून २ वर येताना निघणारी लाल रेषा, एच-अल्फा, घेऊ. ऊर्जांच्या फरकावरून 1/λ = R(1/4 − 1/9) = 5R/36, म्हणून λ = 7.2/R. पुस्तकात मागच्या पानावर दिलेलं R = १०९७३७३१.६ प्रति मीटर घातलं की λ = ६५६.११ नॅनोमीटर. प्रयोगशाळेच्या तक्त्यात मात्र ६५६.२८ असतं. "राउंडिंगमुळे असेल" म्हणून पुढे जाऊ नका. आपण पाच-सहा अंक घेऊन गणित केलंय, त्यामुळे हा फरक खरा आहे. त्यामागे दोन कारणं आहेत आणि ती एकमेकांच्या उलट दिशेने ओढतात.

पहिलं कारण: आपण प्रोटॉन खिळ्याने ठोकल्यासारखा स्थिर धरला. प्रत्यक्षात दोघेही त्यांच्या वस्तुमान-केंद्राभोवती फिरतात. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६.१५ पट जड आहे, म्हणून m च्या जागी m/(१ + १/१८३६.१५) घालायचं. R थोडा कमी होऊन १०९६७७५८ होतो आणि λ = ६५६.४७ येते. आता आपण तक्त्याच्या पलीकडे गेलो! दुसरं कारण साधं आहे. ही तरंगलांबी निर्वातातली, आणि तक्ता हवेतला. हवेचा अपवर्तनांक या रंगाला १.०००२७६ च्या आसपास असतो. त्याने भागलं की ६५६.२९. आता जुळलं.

यातली वस्तुमानाची दुरुस्ती बोरच्या मॉडेलची मोठी परीक्षा ठरली होती. झीटा पपिस या ताऱ्याच्या वर्णपटात पिकरिंगने १८९६ मध्ये काही रेषा पाहिल्या होत्या आणि त्या हायड्रोजनच्याच मानल्या जात होत्या. बोर म्हणाला, या आयनीकृत हीलियमच्या आहेत, कारण केंद्रकाचा प्रभार दुप्पट असेल तर ऊर्जा चौपट होते. फाउलर या वर्णपटतज्ज्ञाने आक्षेप घेतला की मोजमाप चौपट दाखवत नाही, ४.००१६ पट दाखवतं. बोरने वस्तुमानाची दुरुस्ती घातली. हीलियमचं केंद्रक जास्त जड, म्हणून ते कमी हलतं, गुणोत्तर ४.००१६३ आलं. तुम्हीही काढा: ४ × (१ + १/१८३६.१५)/(१ + १/७२९४.३). वर्तुळाकार कक्षा मानणाऱ्या मॉडेलने दशांशानंतरचे अंकही पकडले, तेव्हा लोकांनी ते गंभीरपणे का घेतलं हे कळतं.

डिग्री कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोमीटर आणि ग्रेटिंग घेऊन हाच प्रयोग करणार असाल तर एक अंदाज आधीच करून ठेवा. इंचाला १५,००० रेघा असलेल्या ग्रेटिंगवर पहिल्या क्रमाची लाल रेषा सुमारे २२.८ अंशांवर येते. तिथे व्हर्निअरची एक मिनिटाची चूक म्हणजे तरंगलांबीत ०.४५ नॅनोमीटरची चूक. म्हणजे वरच्या दोन्ही दुरुस्त्या तुमच्या मोजमापात दिसणारच नाहीत. जर्नलमध्ये कुणी "R = १०९६७७५८" असं लिहून आणलं तर ते मोजलेलं नसून उत्तर बघून लिहिलेलं आहे, हे तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. तीन अंक पुरेत.

ऊर्जा बरोबर का येते?

१९२६ मध्ये श्रोडिंजरने तरंग-समीकरण हायड्रोजनला लावलं आणि ऊर्जा तीच आली, −13.6/n². कक्षा नाहीत, वर्तुळ नाही, तरी आकडा तोच. हा योगायोग कुठून येतो ते समजलं की पुढचं सगळं सोपं होतं.

बोरच्या ऊर्जेच्या सूत्रात r फक्त 1/r या रूपात येतो. पूर्ण सिद्धान्तात इलेक्ट्रॉनला ठरावीक r नसतं, पण 1/r ची सरासरी काढता येते, आणि ती प्रत्येक अवस्थेत नेमकी 1/(n²a₀) येते. ती फक्त n वर अवलंबून असते. शिवाय स्थितिज ऊर्जा ही एकूण ऊर्जेच्या दुप्पट, हा बोरच्या वर्तुळातला संबंध पूर्ण सिद्धान्तातही सरासरीसाठी तंतोतंत लागू पडतो. म्हणून ऊर्जा वाचते. पण हे शुद्ध 1/r² बलाचं भाग्य आहे. बल थोडं जरी बदललं तरी एकाच n च्या वेगवेगळ्या अवस्थांच्या ऊर्जा वेगळ्या होतात. सोडियममध्ये बाहेरचा इलेक्ट्रॉन आतल्या इलेक्ट्रॉनांच्या ढगात शिरतो, त्याला शुद्ध 1/r² बल मिळत नाही, आणि 3s व 3p या पातळ्यांमध्ये दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टहून जास्त अंतर पडतं. सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश त्याच अंतरातून येतो.

त्रिज्या: अर्धी बरोबर

मूळ अवस्थेत इलेक्ट्रॉन a₀ वर "असतो" असं बोर सांगतो. पूर्ण सिद्धान्तात त्याची संभाव्यता पसरलेली आहे. केंद्रापासून किती अंतरावर तो सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त, असं विचारलं तर उत्तर a₀ हेच येतं. पण सरासरी अंतर विचारलं तर १.५a₀. r ची सरासरी आणि 1/r ची सरासरी एकमेकांच्या व्यस्त नसतात, एवढं साधं कारण त्यामागे आहे.

या पसरण्याचा आवाका बघायला एक छोटं सूत्र पुरतं. मूळ अवस्थेत इलेक्ट्रॉन x·a₀ च्या बाहेर सापडण्याची संभाव्यता:

P = e^(−2x) (1 + 2x + 2x²)

x = १ घातलं तर ०.६७७, म्हणजे बोरच्या कक्षेच्या आत तो फक्त ३२ टक्के वेळा सापडतो. आता x = २ घाला. P = 13·e^(−4) = ०.२३८. या आकड्याजवळ जरा थांबा. २a₀ वर स्थितिज ऊर्जाच −१३.६ आहे, म्हणजे त्यापलीकडे जायला जुन्या यामिकीप्रमाणे गतिज ऊर्जा ऋण व्हावी लागेल. तिथे जाणं जुन्या नियमांना मान्यच नाही, आणि तरीही जवळजवळ चौथा हिस्सा संभाव्यता तिथे आहे. कुठलीही कक्षा, गोल असो की लंबगोल, हे दाखवू शकत नाही.

n = २ ला आणखी गंमत होते. बोर म्हणतो ४a₀. पूर्ण सिद्धान्तात 2p अवस्थेची सर्वाधिक संभाव्यता ४a₀ वर आहे, पण सरासरी ५a₀ आहे. 2s अवस्थेची सर्वाधिक संभाव्यता ५.२४a₀ वर आणि सरासरी ६a₀. म्हणून "n²a₀ म्हणजे सर्वाधिक संभाव्य अंतर" हा नियम दर n ला एकाच जातीच्या अवस्थेत खरा असतो, जिथे कोनीय संवेग त्या n साठी जास्तीत जास्त असतो. परीक्षेत "दुसऱ्या पातळीतल्या इलेक्ट्रॉनचं अंतर काढा" असं आलं तर आधी विचारा: कुठलं अंतर, आणि 2s की 2p?

कोनीय संवेग: इथे मॉडेल सरळ पडतं

ज्या गृहीतकावर सगळी इमारत उभी होती तेच चुकीचं निघालं. बोरप्रमाणे मूळ अवस्थेत कोनीय संवेग ħ. पूर्ण सिद्धान्तात तो शून्य. थोडा कमी-जास्त नाही, शून्य. मूळ अवस्था चपटं वर्तुळ नसून सर्व दिशांनी सारखी आहे.

"हे कशावरून?" असं विचारायला हवं. कोनीय संवेग शून्य असेल तर इलेक्ट्रॉन प्रत्यक्ष केंद्रकाच्या जागीसुद्धा सापडू शकतो. बोरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन प्रोटॉनपासून कायम a₀ दूर राहतो. मग हायड्रोजनच्या मूळ अवस्थेत इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉनचे छोटे चुंबक एकमेकांवर किती परिणाम करतात ते मोजलं की निकाल लागतो. तो परिणाम इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या जागी असण्याच्या संभाव्यतेवर ठरतो, आणि त्यातून १४२० मेगाहर्ट्झची, म्हणजे २१ सेंटिमीटर तरंगलांबीची रेडिओ रेषा मिळते. १९५१ साली ती आकाशगंगेतून येताना प्रथम पकडली गेली. नारायणगावजवळच्या खोडदला असलेली जीएमआरटी दुर्बीण ही रेषा ऐकू शकते. बोरच्या कक्षेतून ही वारंवारता काढता येत नाही.

याचा दुसरा पुरावा अवस्थांच्या मोजणीत आहे. n = २ ला बोर एकच वर्तुळ देतो. पूर्ण सिद्धान्त 2s ची एक आणि 2p च्या तीन अशा चार अवस्था देतो, इलेक्ट्रॉनच्या स्पिनसह आठ. ऊर्जा जवळजवळ सारखी असली तरी त्यांचं वागणं अजिबात सारखं नसतं. 2p मधला इलेक्ट्रॉन सुमारे १.६ नॅनोसेकंदात खाली येतो. 2s मधला एक फोटॉन सोडून सहज खाली येऊ शकत नाही, कारण वरही कोनीय संवेग शून्य आणि खालीही शून्य. तो दोन फोटॉन सोडतो आणि सरासरी सेकंदाचा आठवा हिस्सा अडकून राहतो. आयुष्यात कोट्यवधी पटींचा फरक, आणि बोरच्या चित्रात दोघांना वेगळी नावंसुद्धा नाहीत. एखादी रेषा ठळक आणि दुसरी फिकट का, हे बोरला सांगता येत नाही ते यामुळेच.

ऊर्जेतही शेवटी फट पडते

आतापर्यंत ऊर्जा टिकली होती. पण पुरेसं बारकाईने बघितलं तर तीही टिकत नाही. लाल रेषा एकच नसून अगदी जवळ चिकटलेल्या दोन रेषा आहेत, हे मायकेलसन आणि मोर्ली यांनी १८८७ मध्येच पाहिलं होतं, बोरच्या आधी पाव शतक. त्यांच्यातलं अंतर सुमारे ०.०१४ नॅनोमीटर. कारण सापेक्षता आणि स्पिन: इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या १/१३७ आहे, म्हणून ऊर्जेत (1/137)² या प्रमाणातल्या दुरुस्त्या येतात. n = २ ची p पातळी ४.५ × १०⁻⁵ इलेक्ट्रॉन-व्होल्टने दुभंगते.

आपल्या ग्रेटिंगला हे दिसेल का? ६५६/०.०१४ म्हणजे जवळपास ४७,००० पृथक्करणशक्ती लागेल. एक इंच रुंद प्रकाशित ग्रेटिंग पहिल्या क्रमात १५,००० देते, दुसऱ्यात ३०,०००. दिसणार नाही. ड्युटेरियम आणि हायड्रोजनच्या लाल रेषांमधलं ०.१८ नॅनोमीटरचं अंतर मात्र आवाक्यात आहे, कारण त्याला ३,७०० पुरतात.

सॉमरफेल्डने १९१६ मध्ये लंबगोल कक्षा आणि सापेक्षता जोडून या दुभंगाचं सूत्र काढलं होतं आणि तेही बरोबर आलं, स्पिन माहीत नसताना! चुकीच्या वाटेने बरोबर उत्तर मिळण्याचा हायड्रोजनला शापच आहे म्हणायचा.

दुसरा इलेक्ट्रॉन आला की

हे भाग्य हीलियममध्ये संपतं. बोरच्या पद्धतीने दोन इलेक्ट्रॉन एकाच वर्तुळावर समोरासमोर ठेवा. प्रत्येकाला केंद्रक 2ke²/r² ने ओढतं आणि 2r अंतरावरचा दुसरा इलेक्ट्रॉन ke²/4r² ने ढकलतो. परिणामी प्रभार २ ऐवजी १.७५ होतो. एकूण बंधन-ऊर्जा २ × (१.७५)² × १३.६ = ८३.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. मोजलेली ७९.० आहे. एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा यातून ८३.३ − ५४.४ = २८.९ येते, प्रत्यक्षात २४.६ लागते.

पाच टक्क्यांची चूक फार नाही असं वाटेल. पण चूक कुठल्या बाजूला आहे ते बघा. पूर्ण सिद्धान्तात तुम्ही कितीही ढोबळ तरंग-फल घेतलं तरी त्यातून येणारी बंधन-ऊर्जा खऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त येऊ शकत नाही. दोन्ही इलेक्ट्रॉनांना हायड्रोजनसारखं साधं फल देऊन प्रभार जुळवून घेतला तर तो २७/१६ येतो आणि उत्तर ७७.५, म्हणजे ७९.० च्या अलीकडे. १९२९ च्या सुमारास हिलेरासने फलात दोन इलेक्ट्रॉनांमधलं अंतरही घातलं आणि उत्तर मोजमापाला जाऊन भिडवलं. बोरचं ८३.३ त्या मर्यादेच्या पलीकडे पडतं, जिथे कुठलंही तरंग-फल पोहोचू शकत नाही.